पाच वर्षांचा हिशोब आणि त्यापुढचे पन्नास कोटी: वेर्ण्यातील एका कारखान्याच्या मूल्यांकनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांची छापील खोकी बनवणारा एक कारखाना आहे. गोळ्यांची पट्टी ज्या पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात येते, ते मोनो कार्टन इथे छापून, कापून, चिकटवून तयार होतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आणि मालक दोघे सख्खे भाऊ: थोरल्याकडे साठ टक्के शेअर, धाकट्याकडे चाळीस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण हिशोबाची रचना आणि निर्णयांचा क्रम तोच ठेवला आहे.

वर्षाची विक्री ४० कोटी रुपये. त्यातली ५८ टक्के दोन औषध कंपन्यांकडून येते, आणि दोघींचे कारखाने गोव्यातच आहेत. बँकेचे निव्वळ कर्ज ६ कोटी. यंत्रे आणि इमारत मिळून पुस्तकी किंमत १२ कोटी, खेळते भांडवल ८ कोटी. भूखंड औद्योगिक विकास महामंडळाकडून भाडेपट्ट्यावर घेतलेला असून पट्ट्याची १९ वर्षे शिल्लक होती.

धाकट्या भावाला धंद्यातून बाहेर पडून पुण्याला स्थायिक व्हायचे होते. त्याचा हिस्सा थोरल्याने घ्यायचा, यावर वाद नव्हता. वाद होता तो फक्त किमतीचा. थोरल्याने पुस्तकी हिशोब मांडला: १२ अधिक ८, वजा ६, म्हणजे १४ कोटी, आणि त्याचे चाळीस टक्के ५.६ कोटी. धाकट्याने नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून डीसीएफ पद्धतीने, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीचे आजचे मोल काढून, मूल्यांकन करून आणले. त्यात त्याच चाळीस टक्क्यांची किंमत २२.४ कोटी निघाली.

पहिला अहवाल काय म्हणत होता

अहवालात पाच वर्षांचा अंदाज होता. विक्री दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढणार, व्याज आणि कर धरण्यापूर्वीचा नफा विक्रीच्या १२ टक्के राहणार, करापोटी साधारण चौथा हिस्सा जाणार. करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवून, त्यातून यंत्रांवरचा खर्च आणि वाढलेल्या विक्रीसाठी लागणारे खेळते भांडवल वजा केले की मालकांना आणि बँकेला मिळून जी रोकड उरते, ती खाली दिली आहे. सर्व आकडे कोटी रुपयांत आहेत.

| वर्ष | करोत्तर नफा | घसारा | भांडवली खर्च | खेळत्या भांडवलात वाढ | मुक्त रोकड |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४.०३ | १.८ | २.५ | ०.९६ | २.३७ |
| २ | ४.५२ | २.० | ४.० | १.०८ | १.४४ |
| ३ | ५.०६ | २.२ | २.० | १.२० | ४.०६ |
| ४ | ५.६६ | २.३ | १.५ | १.३५ | ५.११ |
| ५ | ६.३५ | २.४ | १.२ | १.५१ | ६.०४ |

पुढची रोकड आजच्या मोलात आणण्याचा दर, म्हणजे डिस्काउंट रेट, १३ टक्के धरला होता. भागधारकांचा अपेक्षित परतावा १५ टक्के, कर्जाचा करोत्तर खर्च सुमारे ७ टक्के आणि भांडवलाची विभागणी पाऊण-पाव, यातून तो आला होता. दोन्ही बाजूंना तो मान्य होता आणि पुढेही कोणी त्याला हात लावला नाही.

पाच वर्षांच्या रोकडीची आजची किंमत १२.४५ कोटी. पाचव्या वर्षानंतर कंपनी कायम चालू राहील आणि रोकड दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत जाईल असे धरून अंतिम मूल्य, म्हणजेच टर्मिनल व्हॅल्यू, काढले होते. एक्सेलमधला खाना असा होता:

```
=G18*(1+B5)/(B4-B5)
```

`G18` म्हणजे पाचव्या वर्षाची रोकड ६.०४, `B4` म्हणजे १३ टक्के, `B5` म्हणजे ६ टक्के. उत्तर ९१.४६ कोटी. हे पाचव्या वर्षाच्या शेवटचे मूल्य. आजच्या दिवसात आणल्यावर ते ४९.६४ कोटी झाले. कंपनीची एकूण किंमत ६२.१ कोटी, कर्ज वजा जाता ५६.१ कोटी, आणि त्याचे चाळीस टक्के २२.४ कोटी.

अडचण

मडगावला कंपनीच्या सीएच्या कार्यालयात अहवाल उघडला, तेव्हा थोरल्या भावाचे बोट थेट ४९.६४ वर गेले. "बासष्ट कोटींतले पन्नास कोटी पाचव्या वर्षानंतरचे? मग पाच वर्षांचा एवढा हिशोब मांडला कशाला?"

धाकट्याचे उत्तरही चुकीचे नव्हते. "दादा, कारखाना पाच वर्षांनी बंद होणार आहे का? मग पुढचे पैसे मोजायचेच नाहीत, असे कसे?"

इथून प्रकरण भरकटण्याची शक्यता होती. ८० टक्के मूल्य दूरच्या काळातून येते म्हणजे अहवाल फुगवलेला आहे, हा निष्कर्ष सहज काढला जातो, आणि तो चूक आहे. सीएने आधी या ८० टक्क्यांची फोड केली. सगळ्या प्रकरणात हीच पायरी सर्वांत उपयोगाची ठरली.

समजा एखादी कंपनी मुळीच वाढत नाही. दरवर्षी तेवढीच रोकड देते आणि दर १३ टक्केच आहे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत ५४ पैसे. मग अशा कंपनीच्या मूल्यातला पाच वर्षांपुढचा वाटाही बरोबर ५४ टक्के असतो. वाढ नाही, आशावाद नाही, तरीही निम्म्याहून जास्त. धंद्याचे आयुष्य लांब असते आणि आपण त्यातली पहिली पाचच वर्षे वेगळी काढून दाखवतो, एवढेच त्यामागचे कारण.

आता तीच कंपनी पहिल्या वर्षापासून ६ टक्क्यांनी वाढते असे धरा. पुढची रोकड मोठी होत जाते, आणि पाच वर्षांपुढचा वाटा ७३ टक्क्यांवर जातो.

उरलेले सात टक्के या कारखान्याच्या स्वतःच्या अंदाजातून आले होते. पाच वर्षांत करोत्तर नफा एकूण २५.६ कोटी, पण हातात पडणारी रोकड १९ कोटीच. दुसऱ्या वर्षी एक डाय-कटर आणि एक फोल्डर-ग्लूअर घ्यायचे होते, आणि विक्री वाढली की औषध कंपन्यांकडे थकलेली बिलेही वाढत होती. वाढणारी कंपनी सुरुवातीला नफा पोटात घालते आणि रोकड नंतर देते. म्हणून सुरुवातीची वर्षे बारीक दिसतात आणि सगळा भार शेवटाकडे सरकतो.

वाटा हा आपण रेघ कुठे ओढतो त्यावरही अवलंबून असतो, हे सीएने त्याच तक्त्यात दाखवले. सहा ते दहा ही वर्षे त्याच ६ टक्क्यांनी वाढवून उघड मांडली, तर अंतिम मूल्याचा वाटा ८० वरून ५८ टक्क्यांवर येतो. कंपनीची किंमत मात्र ६२.१ कोटीच राहते, एका पैशाने हलत नाही. एखाद्या अहवालात दहा वर्षांचा अंदाज लावून वाटा कमी दिसत असेल, तर तेवढ्यावरून तो जास्त भरवशाचा ठरत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा होता: ९१.४६ हा आकडा ज्या एका वर्षावर उभा आहे, ते वर्ष कायम चालू शकेल असे आहे का?

तपासणीत काय सापडले

पाचव्या वर्षाच्या ओळीत घसारा २.४ कोटी आणि भांडवली खर्च १.२ कोटी आहे. त्या एका वर्षापुरते हे ठीकच. मोठी खरेदी दुसऱ्या वर्षी होऊन गेलेली, यंत्रे नवी, म्हणून खर्च कमी. पण सूत्र हे वर्ष उचलते आणि अनंत काळ तसेच पुढे नेते. म्हणजे यंत्रे झिजतात त्याच्या निम्म्यानेच बदलली जातात, आणि तरीही उत्पादन दरवर्षी वाढत जाते. कारखान्यात फिरणाऱ्या माणसाला हे लगेच खटकते, तक्त्यात मात्र ते एका सरळ दिसणाऱ्या ओळीत लपलेले असते.

हे पकडण्याची एक सोपी कसोटी आहे, आणि ती कोणत्याही अहवालाला दोन मिनिटांत लावता येते. सहाव्या वर्षाचा करोत्तर नफा घ्या आणि त्यातून अंतिम मूल्यासाठी वापरलेली रोकड वजा करा. जे उरते ते धंद्यात पुन्हा गुंतवले जाते. इथे नफा ६.७३ आणि रोकड ६.४०, म्हणजे गुंतवणूक नफ्याच्या जेमतेम ४.९ टक्के. एवढ्या गुंतवणुकीवर ६ टक्के वाढ मिळवायची, तर नव्या प्रत्येक रुपयावर किती परतावा लागेल? ६ भागिले ४.९ टक्के, म्हणजे सुमारे १२३ टक्के, आणि तोही कायमचा. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याच्या धंद्यात हे होणार नाही, आणि हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आकडा मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा धाकटा भाऊही गप्प झाला.

त्याच ओळीत उलट दिशेची एक चूकही होती, आणि ती सांगणे न्यायाचे आहे. खेळत्या भांडवलात १.५१ कोटींची वाढ ही १२ टक्के विक्रीवाढीसाठी होती. वाढ ५-६ टक्क्यांवर आल्यावर एवढे पैसे अडकत नाहीत. म्हणजे इथे अहवालाने धाकट्याचेच नुकसान केले होते. शेवटचे वर्ष जसेच्या तसे पुढे नेले की चुका दोन्ही बाजूंनी होतात. एक चूक दुसरीला झाकते आणि बेरीज ओळखीची वाटते.

दुसरी शंका ६ टक्क्यांवर होती. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के आहे. तेव्हा ६ टक्के म्हणजे महागाई सोडून २ टक्के वाढ, दरवर्षी, न थांबता. २ टक्क्यांनी नग ३५ वर्षांत दुप्पट होतात. त्याआधीच्या पाच वर्षांच्या १२ टक्क्यांतून महागाई काढली तरी माल जवळजवळ दीडपट होणार होता, आणि आताची शेड तीन पाळ्या लावूनही दीडपटीपुढे जात नव्हती. पुढची वाढ हवी तर दुसरा भूखंड, दुसरी शेड. तो खर्च मॉडेलमध्ये कुठेच नव्हता.

हा एक टक्का किती जड असतो, हेही पाहिले. फक्त वाढ ६ वरून ५ केली की एकूण किंमत ६२.१ वरून ५५.५ वर येते. फक्त डिस्काउंट रेट १३ वरून १२ केला की ती ७३.४ वर जाते. सूत्राच्या खाली दर वजा वाढ असते, म्हणजे इथे १३ वजा ६, सात टक्के. छेद लहान असला की त्यातला एक टक्का सातवा हिस्सा असतो. म्हणून हे दोन आकडे एकेकटे ठरवायचे नसतात. त्यांच्यातले अंतर ठरवायचे असते.

तिसरी गोष्ट भूखंडाची. सूत्र कायमचे आयुष्य धरते, आणि भाडेपट्टा १९ वर्षांचा. पाचव्या वर्षापासून मोजले तर १४ वर्षे. ५ टक्के वाढीने चौदाव्या वर्षापुढचा वाटा अंतिम मूल्याच्या ३६ टक्के निघतो. म्हणजे अंतिम मूल्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पट्ट्याच्या नूतनीकरणावर उभा होता. "कायम" या शब्दाची किंमत गोव्यात कोणाला शिकवावी लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. ज्यांनी कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतले होते, त्यांचा हिशोबही धंदा चालूच राहणार या गृहीतावर होता. औद्योगिक भूखंड म्हणजे खाणपट्टा नव्हे, आणि नूतनीकरणाची अट करारात होती. म्हणून हा धोका किमतीत कापला नाही, पण किती पैसे त्यावर टेकले आहेत हे लिहून ठेवले गेले.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय होता अंतिम मूल्यावर सरसकट कात्री लावण्याचा: "पन्नासचे तीस धरू आणि मिटवू." असे तडजोडीत नेहमी होते. पण तीसच का, पस्तीस का नाही, याला उत्तर नसते, आणि सहा महिन्यांनी एका भावाला आपण फसलो असे वाटायला एवढे पुरते. सीएने हा मार्ग नाकारला, आणि ते योग्यच होते.

दुसरा पर्याय गुणाकाराचा. पाचव्या वर्षाचा घसारा, व्याज आणि करापूर्वीचा नफा १०.८६ कोटी. त्याला अशा धंद्यांच्या विक्रीत मिळणाऱ्या पटीने गुणायचे. भावांना तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका खरेदीदाराने ५.५ पट देऊ केली होती, तर अहवालातले ९१.४६ कोटी ८.४ पट होत होते. इशारा म्हणून हे मोलाचे होते. पण एकाच जुन्या देकारावर किंमत ठरवणे म्हणजे त्या दिवसाच्या बाजारावर चाळीस टक्के विकणे. म्हणून ही पट फक्त पडताळ्यासाठी ठेवली.

तिसरा पर्याय: सहावे वर्ष नव्याने बांधायचे. पाचवे वर्ष उचलायचे नाही. "स्थिरावलेला कारखाना एका सर्वसाधारण वर्षी कसा दिसेल" हे ओळ-ओळ ठरवायचे. हाच निवडला.

काय केले

यंत्रांची यादी घेऊन सीए आणि कारखान्याचा देखभाल प्रमुख बसले. प्रत्येक यंत्राची सहाव्या वर्षाच्या सुमाराची बदलण्याची किंमत आणि प्रत्यक्ष आयुष्य लिहिले. पुस्तकी घसाऱ्याचे दर बाजूला ठेवले. मोठे ऑफसेट प्रेस १६ कोटींचे, १५ वर्षे चालते, म्हणजे वर्षाला १.०७ कोटी. डाय-कटर मिळून ६ कोटी, १२ वर्षे, म्हणजे ५० लाख. फोल्डर-ग्लूअर मिळून ५ कोटी, १० वर्षे, पुन्हा ५० लाख. प्लेट बनवण्याचे यंत्र, छपाई तपासणारे कॅमेरे, कॉम्प्रेसर, जनरेटर मिळून ४ कोटी, आठ वर्षे, तेही ५० लाख. इमारत आणि वायरिंगला ३० लाख. समुद्राजवळच्या दमट हवेत पत्रे आणि पॅनेल लवकर गंजतात, तेव्हा हा आकडा कमी करू नका, असे देखभाल प्रमुखाने सांगितले. बेरीज २.८७ कोटी. वाढीसाठी ३३ लाख धरून ३.२ कोटी. जिथे अहवालात १.२ होते, तिथे हे आले.

वाढ ५ टक्के धरली: महागाई ४ आणि नग १. करोत्तर नफा ६.६७, घसारा २.५, भांडवली खर्च ३.२, खेळत्या भांडवलाला ७१ लाख. रोकड ५.२६ कोटी. भागिले आठ टक्के, अंतिम मूल्य ६५.७५, आजचे ३५.७. एकूण किंमत ४८.१ कोटी.

इथे थांबले असते तर थोरल्यावर थोडा अन्याय झाला असता. वरची कसोटी पुन्हा लावली: गुंतवणूक नफ्याच्या २१ टक्के, वाढ ५ टक्के, म्हणजे नव्या भांडवलावर सुमारे २४ टक्के परतावा, कायम. १२३ पेक्षा बरा, पण अजून गोड. कारखान्याचा आताचा परतावा चांगला दिसतो, कारण यंत्रे जुन्या किमतीत घेतलेली आणि बरीचशी घासून झालेली आहेत. नव्या पैशाला काय मिळते, ते दुसऱ्या वर्षाच्या खरेदीच्या प्रस्तावातच लिहिले होते. यंत्रांना ४ कोटी, वाढीव उधारीला १ कोटी, आणि त्यातून वर्षाला ८० लाख जादा करोत्तर नफा. म्हणजे १६ टक्के. हा आकडा बँकेसाठी दोघा भावांनीच सही करून दिला होता, म्हणून त्यावर वाद झाला नाही.

१६ टक्क्यांनी ५ टक्के वाढ मिळवायला नफ्याचा ३१ टक्के भाग धंद्यात ठेवावा लागतो. रोकड ४.५९, अंतिम मूल्य ५७.३, आजचे ३१.१, आणि एकूण ४३.६ कोटी. पट ५.३ आली, जुन्या ५.५ च्या देकाराजवळ.

एक तळही काढून ठेवला. नवे भांडवल जेमतेम १३ टक्केच मिळवते असे धरले, तर वाढीचा काही फायदाच उरत नाही, कारण जेवढे घातले तेवढेच मोल परत येते. मग अंतिम मूल्य म्हणजे सरळ नफा भागिले दर: ६.६७ भागिले १३ टक्के, ५१.३ कोटी, आणि एकूण ४०.३. या हिशोबात वाढीचा दर ३ धरा की ६, वर्षानुवर्षे धरलेल्या त्या दराने किंमत फारशी हलत नाही. सहाव्या वर्षाच्या नफ्यातला किरकोळ फरक तेवढा राहतो. वाढीवरून हमरीतुमरी चालू असताना हा आकडा समोर ठेवला की बोलणे लगेच "परतावा किती" या मुद्द्यावर येते.

निकाल

दोघांनी ४३.६ कोटी मान्य केले. कर्ज ६ कोटी वजा जाऊन ३७.६, त्याचे चाळीस टक्के १५ कोटी. अल्पमताच्या हिश्शाला सहसा लावतात ती सूट भावाभावांत लावायची नाही, हे आधीच ठरले होते. अंतिम मूल्याचा वाटा अजूनही ७१ टक्के होता, आणि आता तो कोणाला खटकत नव्हता, कारण त्यामागची प्रत्येक ओळ कारखान्यातल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत होती.

पंधरा कोटींपैकी नऊ लगेच आणि सहा दोन वर्षांत द्यायचे ठरले. शिवाय ९० लाख अटीवर: दोन्ही मोठ्या ग्राहकांचे पुरवठा करार तिसऱ्या वर्षी पुन्हा झाले तरच. ते का, हे पुढे येते.

काय वेगळे करता आले असते

या हिशोबातला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे पाचव्या आणि सहाव्या वर्षामधली उडी. विक्री पाच वर्षे १२ टक्क्यांनी धावते आणि सहाव्या वर्षी एकदम ५ वर बसते. धंदा असा ब्रेक लावत नाही. ही उडी बाहेर पडणाऱ्या भावाच्या विरोधात जाते.

शेवटच्या बैठकीआधी सीएने ती तपासली होती. सहा ते दहा वर्षांत वाढ १०, ९, ८, ७, ६ अशी उतरवली, नव्या भांडवलाला तेच १६ टक्के धरले, आणि दहाव्या वर्षानंतर ५ टक्के. किंमत ४५.८ कोटी निघाली, २.२ कोटी जास्त. त्याचे चाळीस टक्के सुमारे ८८ लाख. ९० लाखांची अटीची रक्कम इथूनच आली. ती पाच वर्षे तशी जातील की नाही हे त्या दोन ग्राहकांवर अवलंबून होते, म्हणून पैसेही त्यांच्या करारांना बांधले. तोडगा चालला, पण पहिल्याच दिवशी दहा वर्षांचा तक्ता मांडला असता तर दोन बैठका वाचल्या असत्या. ज्या कंपनीची वाढ पाचव्या वर्षीही कायमच्या दराच्या दुपटीहून जास्त आहे, तिच्यासाठी पाच वर्षांवर रेघ ओढायलाच नको.

दुसरे, नफ्याचे प्रमाण कोणी तपासले नाही. १२ टक्के हे गेल्या तीन वर्षांचे सरासरी प्रमाण होते, आणि त्यातले एक वर्ष पुठ्ठ्याचे भाव उतरल्यामुळे विशेष चांगले गेले होते. ५८ टक्के माल दोघांनाच जात असताना तो दर कायम राहील का, हा प्रश्न भांडवली खर्चाएवढाच मोठा आहे. सहाव्या वर्षी १२ ऐवजी ११ टक्के धरले असते तर अंतिम मूल्याचा बारावा हिस्सा, आजच्या किमतीत २.६ कोटी, गेला असता. कच्च्या मालाच्या भावाची पूर्ण एक चढ-उतार धरून, निदान सात-आठ वर्षांची सरासरी घ्यायला हवी होती. जुने ताळेबंद सीएच्या कपाटातच होते.

तिसरे, भाडेपट्टा. नूतनीकरण होणार हे दोघांनी धरून चालले, पण त्याचे शुल्क आणि पुढचे भाडे किती असेल याची चौकशी व्यवहारानंतर झाली. ३१.१ कोटींतले सुमारे ११ कोटी त्या कागदावर टेकले होते. पणजीला एक फेरी मारून महामंडळाच्या कार्यालयात करारातले नूतनीकरणाचे कलम वाचून घेणे, हे सहीच्या आधीचे काम होते.